चोवीस पुड्यांची दोरी

जर्मनीच्या नैऋत्य भागात माउलब्रॉन नावाचं छोटं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका पाळकाच्या घरी गेरहार्ड लांग नावाचा मुलगा वाढत होता. डिसेंबर लागला की नाताळ कधी येणार, हा त्याचा धोशा सुरू व्हायचा. मग आईनं एक पुठ्ठा घेतला, त्यावर चोवीस चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एकेक बिस्किट दोऱ्यानं टाचलं. रोज एकच सोडवून खायचं. शेवटचं सुटलं की नाताळची संध्याकाळ. मोठेपणी लांग म्युनिकमध्ये छापखान्याचा भागीदार झाला, तेव्हाही हा पुठ्ठा त्याच्या मनातून गेलेला नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यानं नाताळची छापील दिनदर्शिका बाजारात आणली. त्यात चोवीस चित्रं आणि चोवीस चौकोन होते, आणि मुलांनी रोज एक चित्र कापून एका चौकोनात चिकटवायचं होतं. बोटानं उघडायची चिमुकली कागदी दारं त्यानंतर आली.

ही कल्पना एकट्या लांगच्या घरातली नव्हे. जर्मनीतल्या प्रॉटेस्टंट घरांत त्याआधीपासून दारावर खडूच्या चोवीस रेघा ओढत आणि मुलं रोज एक रेघ पुसत. हॅम्बुर्गमध्ये अनाथ मुलांसाठी आश्रम चालवणाऱ्या योहान हिनरिख विखर्न यांनी १८३९ मध्ये एका लाकडी चाकावर मेणबत्त्या बसवल्या होत्या. आठवड्यातल्या साध्या दिवसांना लहान मेणबत्त्या, रविवारांना मोठ्या, आणि रोज एक जास्त लावायची. थॉमस मान यांच्या १९०१ सालच्या ‘बुडेनब्रोक्स’ या कादंबरीतही हान्नो या लहान मुलासाठी त्याला सांभाळणारी बाई घरीच एक रोज फाडायची दिनदर्शिका करून देते आणि तिच्या शेवटच्या पानावर नाताळचं झाड काढते. म्हणजे छापील माल येण्याच्या आधी हे काम घराघरांत हातानंच होत होतं. कागदाच्या पुड्या, त्यांत थोडा खाऊ आणि भिंतीवर टांगलेली दोरी, हा प्रकार त्याच घरगुती परंपरेतला आहे. वसई, मुंबई किंवा गोव्यातल्या घरात तो नीट कसा उभा राहील, हे इथे सविस्तर सांगायचं आहे, कारण युरोपातल्या थंड, कोरड्या डिसेंबरासाठी ठरलेल्या काही गोष्टी आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत.

आधी चोवीसचा हिशेब. चर्चच्या पंचांगात नाताळपूर्वीच्या चार रविवारांचा काळ हा आगमनकाळ. वसईच्या मराठी मिस्सांतही हाच शब्द कानावर पडतो. पण नाताळ दरवर्षी वेगळ्या वारी येतो, त्यामुळे आगमनाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या मध्ये कधीही पडू शकतो. तिथपासून २४ डिसेंबरपर्यंत मोजलं तर कधी बावीस दिवस होतात, कधी अठ्ठावीस. छापणाऱ्यांना हे अडचणीचं, म्हणून त्यांनी १ ते २४ डिसेंबर हा ठोकळ हिशेब धरला आणि तोच रूढ झाला. घरी करताना मात्र आपल्याला मोकळीक आहे. ज्यांना चर्चच्या हिशेबानंच जायचं असेल त्यांनी त्या वर्षीचा पहिला रविवार पाहून तेवढ्या पुड्या कराव्यात. पुढचं सगळं मोजमाप मी चोवीस धरून दिलं आहे.

उदाहरणाला वसईतल्या फ्लॅटमधली बाहेरच्या खोलीची भिंत धरू. घरात दोन मुलं आहेत, एक आठ वर्षांचं, एक पाच वर्षांचं. भिंतीची मोकळी जागा दीड मीटर रुंद, आणि समोर छताला पंखा. हा पंखा महत्त्वाचा आहे. किनारपट्टीवर डिसेंबरातही दुपारी बत्तीस-तेहतीस अंशांपर्यंत पारा जातो आणि पंखा चालूच असतो. सगळ्यांत जास्त दिसणारी मांडणी म्हणजे एका आडव्या काठीला उभ्या दोऱ्या सोडायच्या आणि त्यांवर एकाखाली एक पुड्या लटकवायच्या. दिसते सुरेख, पण एकाच उभ्या दोरीला धरलेली पुडी पंख्याच्या वाऱ्यानं गरगरते आणि तासाभरात निम्मे आकडे भिंतीकडे तोंड करून बसतात. म्हणून पंख्याच्या खोलीत आडव्या दोऱ्या घ्याव्यात. पुडीचं वरचं तोंड दोरीवरून दुमडलं की ती पूर्ण रुंदीवर धरली जाते आणि फिरू शकत नाही.

कागद खाकी घ्यावा, वह्यांना कव्हर घालायला मिळतो तो, पण प्लास्टिकचा चकचकीत थर नसलेला. त्या थरावर गोंद धरत नाही आणि पेनची शाई पुसली जाते. ए-फोर आकाराचे, साधारण शंभर ग्रॅम जाडीचे बारा कागद पुरतात, कारण एका कागदाचे मधोमध दोन तुकडे केले की दोन पुड्या होतात. वर्तमानपत्राच्या पुड्या मात्र करू नयेत, कितीही साजऱ्या दिसल्या तरी. छपाईची शाई खाऊला, विशेषतः तेलकट खाऊला लागते, आणि वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही बजावलेलं आहे.

अर्धा केलेला कागद एकवीस सेंटिमीटर लांब आणि पावणेपंधरा सेंटिमीटर उंच असतो. तो आडवा ठेवून दोन्ही टोकं मध्ये आणायची, एक सेंटिमीटर एकावर एक चढू द्यायची आणि तिथे गोंदाची बारीक रेघ ओढायची. दहा सेंटिमीटर रुंदीची चपटी नळी तयार होते. खालची बाजू दोन सेंटिमीटर दुमडून चिकटवायची, वरची तीन सेंटिमीटर दोरीवर दुमडण्यासाठी मोकळी ठेवायची. मध्ये साधारण पावणेदहा सेंटिमीटरचा खिसा राहतो. मूठभर कुलकुलं किंवा घडी घातलेली चिठ्ठी त्यात आरामात मावते, लाडू मावत नाही आणि मावूही नये. पुडी जितकी मोठी तितका तिच्यात भरण्याचा मोह मोठा, आणि चोवीस दिवस मोठा खाऊ दिला तर पंचविसाव्या दिवसासाठी काय उरणार?

दुमडताना कागदाकडे जरा नीट पाहावं. प्रत्येक कागदात तंतूंची एक दिशा असते. त्या दिशेनं घडी सहज आणि सरळ बसते. आडव्या दिशेनं घातली की जाड कागदाची घडी खडबडीत होते, कधी कडेला तडकतेही. दिशा ओळखायला कागद न दुमडता आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं नुसता वाकवून पाहायचा. जिकडे कमी जोर लागतो तिकडची घडी सोपी. पुडीच्या बाजूंच्या लांब घड्या त्या दिशेनं आल्या तर चोवीसच्या चोवीस पुड्या एकसारख्या दिसतात. तळाची घडी उलट दिशेनं येणारच. तिथे नखाऐवजी पट्टीच्या कडेनं दाबावं.

गोंद पांढरा, बाटलीतला, आणि कमीत कमी. जास्त झाला की कागद ओला होऊन वाळताना पन्हाळीसारखा वाकतो. मैद्याची खळ आकाशकंदिलाला ठीक आहे, इथे नको. भिंतीला टेकून तीन-चार आठवडे राहणाऱ्या कागदावर खळीमुळे मुंग्या आणि झुरळं येतात, आणि दमट खोलीत तिला बुरशीही धरते. चिकटवलेल्या पुड्या रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवाव्यात.

आता दोरी. तीन रांगा, प्रत्येक रांगेत आठ पुड्या. एक पुडी दहा सेंटिमीटरची आणि दोन पुड्यांमध्ये चार सेंटिमीटर जागा, म्हणजे एका रांगेला एक मीटर आठ सेंटिमीटर लागतात. दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडली की दोन खिळ्यांमधलं अंतर एक मीटर तीस होतं. सुतळी चालते, पण तिचे तंतू गळतात आणि भुसभुशीत सुतळीवर चिमटा नीट बसत नाही. पिळदार सुती दोरी, साधारण दोन-तीन मिलिमीटर जाडीची, जास्त बरी. नायलॉनची दोरी गुळगुळीत असते, तिच्यावरून पुड्या घसरतात. गाठी आणि झोळ धरून प्रत्येक रांगेला दीड मीटरपेक्षा थोडी जास्त दोरी कापावी.

बहुतेक घरी पहिल्याच दिवशी जे बिघडतं ते इथे. दोरी सरळ रेषेत दिसावी म्हणून माणूस ती ताणतो, आणि संध्याकाळपर्यंत एका बाजूचा हुक भिंतीवरून निघून खाली येतो. पुडी, खाऊ आणि चिमटा मिळून वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. आठ पुड्यांचं दोनशे ग्रॅम. एवढ्याशा वजनानं हुक कसा निघाला, असं वाटतं. पण ताणलेल्या दोरीत वजनापेक्षा ओढ महत्त्वाची. सव्वा मीटरहून जरा जास्त अंतरावर बांधलेली दोरी मध्ये फक्त एक सेंटिमीटर खाली आली असेल, तर या दोनशे ग्रॅमांमुळे प्रत्येक टोकाला तीन किलोहून जास्त आडवी ओढ बसते. तीच दोरी मध्ये तेरा सेंटिमीटर सैल सोडली की ओढ पाव किलोवर येते. चिकटवायचे हुक सरळ खाली लोंबणारं वजन पेलतात, आडवी ओढ त्यांना सोसत नाही, आणि चुन्याच्या किंवा पोपडे धरलेल्या भिंतीवर तर मुळीच नाही. म्हणून झोळ मुद्दाम ठेवावा. अंतराच्या एक दशांश झोळ हे सोपं माप लक्षात ठेवायला पुरेसं आहे. भाड्याच्या घरात खिळे मारता येत नसतील तर खिडकीचे गज, पडद्याचा दांडा किंवा कपाटाच्या कड्या वापराव्यात.

झोळ आला की दुसरी अडचण येते. पुड्या हळूहळू मधल्या खोलगट भागाकडे सरकतात आणि एकमेकींवर चढतात. त्यावर उपाय चिमट्यातच आहे. कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्याच्या दोन पट्ट्यांच्या आतल्या बाजूला गोलसर खाच असते. ती दोरीसाठीच केलेली असते. स्टेशनरीच्या दुकानात साडेतीन सेंटिमीटरचे लहान चिमटे मिळतात, त्यांतल्या पुष्कळांना ही खाच असते. पुडीचं वरचं तोंड दोरीवरून मागे दुमडायचं आणि चिमटा इतका खाली ढकलायचा की दोरी कागदासकट त्या खाचेत बसेल. नुसता कागद पकडला तर दोरी घडीच्या आत मोकळी राहते आणि पुडी सरकते. बरोबर बसला की नाही हे तपासायला पुडी बोटानं हळूच बाजूला ढकलून पाहावी. दोरीही तिच्याबरोबर हलली तर पकड चांगली.

आकडे पुडीवर थेट लिहिण्यापेक्षा वेगळ्या जाड कागदाच्या गोल चकत्यांवर लिहून त्या चिमट्याच्या तोंडाशी अडकवाव्यात. पुडी डागाळली, फाटली तर दुसरी लावता येते आणि आकडा तोच राहतो. लावताना मात्र ते क्रमानं लावू नयेत. जर्मन दिनदर्शिकांत आकडे विखुरलेले असतात, मुलांना रोजचा आकडा शोधायला लागावा म्हणून. दोरीच्या बाबतीत त्याला आणखी एक कारण आहे. एक ते आठ पहिल्या रांगेत डावीकडून उजवीकडे लावले, तर चार दिवसांत डावी बाजू हलकी होते, दोरीचा झोळ उजवीकडे सरकतो आणि उरलेल्या भरलेल्या पुड्या एका बाजूला गोळा होतात. पहिला आठवडा तिन्ही रांगांत आणि दोन्ही बाजूंना वाटून दिला की हे होत नाही. फक्त चोवीस आकडा सगळ्यांत खालच्या रांगेच्या मधोमध ठेवावा, पाच वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर.

उघडलेली पुडी काढून टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. ती रिकामी करून, आकड्याची चकती उलटी करून, तशीच परत दोरीवर अडकवावी. चकतीची मागची बाजू आधीच रंगवून किंवा चांदणी काढून ठेवलेली असली की रोज भिंतीवर एक चांदणी वाढते. किती गेले आणि किती राहिले, दोन्ही एका नजरेत दिसतं. लहान मुलाला वजाबाकी येत नसली तरी एवढं समजतं, आणि खडूच्या रेघा पुसणाऱ्या जुन्या घरांपेक्षा इथे एक गोष्ट जास्त आहे: गेलेले दिवसही दिसत राहतात.

आता आत काय घालायचं. लांगच्या आईनं पुठ्ठ्यावर टाचलेली बिस्किटं वीबेले या जातीची होती, असं सांगतात. त्याच भागातली, अंड्याचा पांढरा बलक, साखर आणि मैद्याची, नखाएवढी, अगदी कोरडी बिस्किटं. भिंतीवर चोवीस दिवस टिकणारी वस्तू तिनं निवडली होती, आणि आपल्यालाही तीच कसोटी लावायची आहे. गोवा आणि किनारपट्टीच्या ख्रिस्ती घरांत नाताळचा जो फराळ होतो, त्या कुस्वारातला दोदोल नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा, तेल सुटणारा, तो कागदात जाऊच शकत नाही. बिबिंकाही नाही. ओल्या खोबऱ्याच्या सारणाच्या नेवऱ्या दोन-तीन दिवसांत वास मारतात. या कामासाठी कुस्वारातला सगळ्यांत योग्य पदार्थ म्हणजे कुलकुलं. काट्याच्या किंवा फणीच्या दात्यांवर कणकेचा गोळा दाबून गुंडाळलेले ते छोटे शंख खरपूस तळलेले असले तर बंद डब्यात दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात. ज्यांच्या घरी ती होत नाहीत त्यांनी शंकरपाळे घ्यावेत. दोन्हींवर साखरेचा पाक मात्र चढवू नये. पाकाची साखर दमट हवेत पाणी ओढते आणि दुसऱ्या दिवशी सगळं एकमेकांना चिकटतं.

तळलेला पदार्थ खाकी कागदात थेट टाकला की काय होतं ते पाहण्यासारखं आहे. पहिल्या तासात काही नाही. संध्याकाळी पुडीच्या खालच्या कोपऱ्यात बोराएवढा गडद ठिपका उमटतो. सकाळपर्यंत तो पसरतो, कागद तिथे अर्धपारदर्शक होतो आणि आत काय आहे ते बाहेरूनच कळतं. म्हणजे डागही पडला आणि गंमतही गेली. त्यासाठी खाऊ आधी बटर पेपरच्या तुकड्यात गुंडाळून मग पुडीत घालावा.

चॉकलेटबद्दल मुलं विचारणारच. खरं चॉकलेट तिशीच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि शरीराच्या तापमानाच्या थोडं खालीच वितळतं. दुपारी मऊ होऊन रात्री पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर पांढुरका थर येतो. ती बुरशी नव्हे, आतली चरबी पृष्ठभागावर येऊन गोठलेली असते. खायला हरकत नाही, पण चव आणि पोत बिघडतो. फ्रिजमधून काढून पुडीत घातलं तर त्यावर दव जमून कागद ओला होतो. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरात चॉकलेट भिंतीवर ठेवूच नये. त्या दिवशीच्या पुडीत एक चिठ्ठी ठेवावी: “फ्रिजच्या दारात बघ.”

या चिठ्ठ्यांनीच ही दोरी आपल्या घरची होते, असं मला वाटतं. चोवीसपैकी नऊ-दहा पुड्यांत खाऊ, सहा-सातांत एखादी छोटी वस्तू, म्हणजे गोटी, खोडरबर, रंगीत खडू किंवा चांदणीला चिकटवायची टिकली, आणि उरलेल्या सगळ्यांत चिठ्ठ्या. चिठ्ठी म्हणजे नाताळच्या तयारीतलं एक काम, ज्याला तो दिवस ठरवून दिलेला आहे. एका दिवशी माळ्यावरून गोठ्याच्या देखाव्याची खोकी खाली काढायची आणि मातीची मेंढरं, उंट, मेंढपाळ पुसून ठेवायचे. एका दिवशी बाल्कनीत टांगायच्या कागदी चांदणीच्या बांबूच्या काड्या बांधायच्या. एका रविवारी आजीकडे जाऊन कुलकुलं वळायला बसायचं. पाच वर्षांच्या मुलाला काट्यावर गोळा दाबणं मोठ्यांइतकंच जमतं.

या कामांत एक असं आहे की ते दिवस चुकवून चालत नाही, आणि दोरीचा खरा उपयोग तिथे दिसतो. किनाऱ्यावरच्या अनेक ख्रिस्ती घरांत गोठ्याभोवती हिरवळ दाखवायला गहू किंवा नाचणी पेरतात. गहू पेरल्यापासून दहा-बारा दिवसांत त्याची हिरवी पाती वीतभर उंच होतात. त्याहून आधी पेरला तर नाताळपर्यंत पाती लोळतात आणि पिवळी पडतात. उशीर केला तर गोठ्यासमोर नुसते पांढरे कोंब दिसतात. म्हणून ११ तारखेच्या पुडीत मूठभर गहूच ठेवावा, बटर पेपरमध्ये गुंडाळून, आणि सोबत चिठ्ठी: “आज रात्री भिजत घाल.” १२ च्या पुडीत: “पाणी काढून टाक, ओल्या फडक्यात बांधून ठेव.” १३ च्या पुडीत: “करवंटीत माती भरून पेर, वर माती नको, फक्त रोज पाणी शिंपड.” म्हणजे ११ पासून १३ पर्यंत मुलाच्या हातून एक काम पुरं होतं आणि २४ च्या संध्याकाळी गोठ्यापुढे गवत उभं असतं. तिन्ही पुड्या वेगवेगळ्या रांगांत असल्या तरी चालतं, तारखा तेवढ्या चुकू देऊ नयेत.

सगळ्या चोवीस पुड्या ३० नोव्हेंबरलाच भरून ठेवण्याची घाई करू नये. वस्तू आणि चिठ्ठ्या आधी घालाव्यात, खाऊ मात्र आठवड्यापुरता, दर शनिवारी रात्री, मुलं झोपल्यावर. बाकीचा घट्ट झाकणाच्या डब्यात राहू द्यावा. यानं कुरकुरीतपणा टिकतो आणि मुंग्यांचा प्रश्नही बराच सुटतो. तरीही मुंग्या भिंतीवरून खिळ्यावर आणि खिळ्यावरून दोरीवर येतातच. खिळ्यापासून चार बोटं अंतरावर दोरीला चहूबाजूंनी पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप दिला तर त्या तो ओलांडत नाहीत. लेप भिंतीला किंवा पुडीला लागता कामा नये, आणि आठवड्यानं धूळ बसली की पुसून नवा द्यावा. पुडी भिंतीला टेकलेली असेल तर मात्र या लेपाचा उपयोग नाही, मुंगी सरळ भिंतीवरून पुडीवर चढेल. खिळे दीड-दोन सेंटिमीटर बाहेर ठेवावेत ते यासाठीच.

दोन मुलं असली की भांडण ठरलेलं. दोघांना रोज सारखंच द्यायचं तर प्रत्येक पुडीत दोन-दोन गोष्टी आल्या, वजन आणि जागा दुप्पट झाली. त्यापेक्षा विषम तारखा एकाच्या, सम तारखा दुसऱ्याच्या, हा जुना तोडगा चांगला. प्रत्येकाला बरोबर बारा पुड्या मिळतात. २४ तारीख सम आहे, ती धाकट्याकडे जाईल, आणि पहिली पुडी थोरल्याकडे. खाऊ असेल त्या दिवशी उघडणाऱ्यानं अर्धा दुसऱ्याला द्यायचा. चिठ्ठी असेल त्या दिवशी काम दोघांचं. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर गोट्या, टिकल्या, शेंगदाणे आणि कडक गोळ्या पूर्ण टाळाव्यात, कारण खालच्या रांगेपर्यंत त्याचा हात पोचतो आणि असा जिन्नस घशात अडकू शकतो. मेणबत्त्यांचं आगमनचक्र ठेवत असाल तर ते या दोरीच्या भिंतीपासून लांब, दुसऱ्या टेबलावर ठेवावं. चोवीस कोरड्या कागदी पुड्यांखाली ज्योत नको.

ज्यांना हाच प्रकार दुसऱ्या सणासाठी करायचा आहे त्यांना एक गोष्ट बदलावी लागेल. नाताळची तारीख ठरलेली असते, म्हणून पुडीवरचा आकडा हीच तारीख. दिवाळी किंवा गणपती तिथीनं येतात आणि तारीख दरवर्षी हलते. तिथे पुडीवर उरलेले दिवस लिहावेत, एकवीसपासून एकपर्यंत उतरत्या क्रमानं, म्हणजे चकत्या पुढच्या वर्षीही चालतात. गणपतीआधीचे दिवस भर पावसाचे. त्या हवेत खाकी कागद मऊ पडतो, चिमट्याच्या दाबानं वरच्या घडीला सुरकुत्या पडून पुडी खाली घसरते आणि तळलेला खाऊ पुडीत रात्रभरही टिकत नाही. तेव्हा खाऊ वगळून फक्त चिठ्ठ्या आणि वस्तू ठेवाव्यात, आणि पुड्या कागदाऐवजी जुन्या सुती साडीच्या तुकड्यांच्या शिवाव्यात.

२५ तारखेला किंवा त्यानंतर दोरी उतरवताना आधी सगळे चिमटे काढून एका डब्यात टाकावेत. दोरीवर राहिलेले चिमटे एकमेकांत अडकतात आणि पुढच्या वर्षी गुंता सोडवता सोडवता पुड्या फाटतात. ज्या पुड्यांवर तेलाचा डाग आहे त्या टाकून द्याव्यात. बाकीच्यांचा तळ उलगडू नये, तशाच चपट्या करून चकत्यांसकट जाड पुस्तकात ठेवाव्यात. डागाळलेली एखादीही आत राहिली तर झुरळं तिच्या वासानं येतात आणि शेजारच्या चांगल्या पुड्याही कुरतडतात, म्हणून ठेवण्याआधी प्रत्येक पुडी उजेडासमोर धरून पाहावी. तेल लागलेली जागा तिथे उजेड आत सोडते, आणि कोरडी सोडत नाही.